दहा रुपयांचं रिचार्ज

पतपेढीतून निवृत्त झाले आणि घरी बसवेना, म्हणून भाच्याच्या मोबाइलच्या दुकानात सकाळी बसायला लागले. दुकान वडूजला, एसटी स्टँडच्या रस्त्यावर. भाचा म्हणाला होता, "आत्या, तू फक्त रिचार्ज मार आणि गिऱ्हाइकाला बसवून ठेव. बाकीचं मी आल्यावर बघतो." दुकानात बसल्यावर कळलं की रिचार्ज मारायला थोडे आणि बाकीचं विचारायलाच लोक जास्त येतात. त्या 'बाकीच्या'त सगळ्यात जास्त वेळा येणारं वाक्य हे: "ताई, माझं सिम आज बंद होणार म्हणे. तेवढं केवायसी करून द्या."

सुरुवातीला मला यात काही वावगं वाटलं नाही. पतपेढीत माझं निम्मं आयुष्य केवायसीच्या कागदांत गेलं. सभासदांना आम्हीच पत्रं धाडायचो: अमुक तारखेपर्यंत आधार आणि पॅनची प्रत द्या, नाहीतर खात्यातून पैसे काढता येणार नाहीत. तसंच सिमचंही असेल, असं मी धरून चालले. फक्त एक कळेना. फोन त्यांना आला, मुदत आजची, मग आमच्या दुकानाला याचा पत्ता कसा नाही? सिम विकतो आम्ही, आणि ते बंद होणार हे कळवतंय तिसरंच कोणी.

भाच्याला विचारलं तर तो हसला आणि म्हणाला, "आज नवीन सिमचं गिऱ्हाईक येणार आहे. तू शेजारी उभी राहा, मग सांग मला, हे फोनवर होतं का."

मी उभी राहिले. गिऱ्हाईक म्हणजे ऊसतोडीवरून परतलेला एक पोरगा. भाच्याने कंपनीचं विक्रेत्याचं ॲप उघडलं, त्यात आधी स्वतःची ओळख पटवली. पोराचं मूळ आधार कार्ड पुढून-मागून फोटोत घेतलं; झेरॉक्स चालली नाही. मग त्याला भिंतीवर चिकटवलेल्या पांढऱ्या कार्डशीटपुढे उभं केलं. मी इतके दिवस समजत होते की ती शीट ओल लपवायला लावलीय. पोराचा तिथल्या तिथे फोटो काढला. गॅलरीतला जुना फोटो ॲप घेतच नाही. त्या फोटोवर वेळ उमटली, जागेचे अक्षांश-रेखांश उमटले. पोराच्या घरच्या दुसऱ्या नंबरावर ओटीपी आला, तो त्याने सांगितला. ती त्याची सही. शेवटी ॲपने भाच्याचाही फोटो मागितला. म्हणजे विकणारा कोण आणि घेणारा कोण, दोघांचे चेहरे कंपनीकडे जमा. कागदी फॉर्म तर 2024 च्या जानेवारीपासून बंदच झालेत.

"आता सांग," भाचा म्हणाला, "यातलं काय काय फोनवरून होईल?"

घरबसल्याही हे करता येतं, पण ते नवीन सिम आपण स्वतः मागवलं की, आणि तेही कंपनीच्या ॲपवर किंवा साइटवर आपलेच कागद, आपलाच फोटो देऊन. त्यातही तुम्हाला फोन करून कोणी "आता हे दाबा, आता ते दाबा" म्हणत बसत नाही. माझ्या पतपेढीच्या डोक्यात एवढं पक्कं बसलं: पडताळणी म्हणजे कंपनीने माणूस पाहणं. फोनवरच्या त्या लोकांना माणूस पाहायचाच नसतो.

मग त्यांना काय पाहायचं असतं, हे मला एका नोव्हेंबरात कळलं.

भाचा माल आणायला साताऱ्याला गेला होता. अकराच्या पुढे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक दुकानात आले. गावात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. फोन कानाला नव्हता, तोंडापुढे आडवा धरलेला, स्पीकर चालू. कपाळावर घाम. मला म्हणाले, "ताई, दहाचं रिचार्ज मारा माझ्या नंबरावर. लवकर. चार वाजता सिम बंद होतंय."

दहाचा टॉपअप असतो. त्यात सात रुपये सत्तेचाळीस पैशांचा बॅलन्स मिळतो. मी दुकानाचा फोन हातात घेतला, तेवढ्यात स्पीकरमधून आवाज आला, "सर, आप कहाँ हैं? दुकान से नहीं करना है, सर. दुकान का रिचार्ज सिस्टम नहीं लेगा. अपने कार्ड से करना है."

मी थांबले. दुकानाचं काम नवीन असलं तरी एवढं मला कळत होतं की कंपनीला दहा रुपये कुठूनही आले तरी ते दहाच असतात. रोज सकाळपासून मी तेच करते: गिऱ्हाईक रोख देतं, दुकानाच्या बॅलन्समधून रिचार्ज जातं, गिऱ्हाइकाच्या बँकेचा कुठे संबंध येत नाही. कंपनीचा माणूस दुकानाच्या रिचार्जला नाही म्हणेल कशाला? नाही तोच म्हणेल, ज्याला रिचार्ज नकोय, कार्ड हवंय.

हे सगळं मला त्या क्षणी एवढं सुबक सुचलं, असं मात्र समजू नका. त्या क्षणी मी नुसती गोंधळले होते. गुरुजींना विचारलं, "कोण आहे फोनवर?" तर त्यांनी मलाच ओठांवर बोट ठेवून गप्प केलं. "कंपनीचे साहेब आहेत. त्यांनी सांगितलंय, मध्ये कोणाशी बोलू नका, नाहीतर प्रोसेस पहिल्यापासून करावी लागेल."

मी माझ्या फोनवरून भाच्याला लावला. त्याने पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "आत्या, त्यांच्या फोनचं नेट बंद कर. वरून पट्टी खाली ओढ, विमानाचं चिन्ह दाब. आधी ते कर, मग बोल."

गुरुजी फोन सोडेनात. "अहो ताई, काय करताय, सिम बंद होईल!" माझ्यापेक्षा वयाने मोठ्या माणसाच्या हातातून वस्तू ओढून घ्यायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. ओढली. विमानाचं चिन्ह दाबलं. आवाज तुटला. गुरुजी मटकन स्टुलावर बसले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांचं काही चोरलंय.

नंतर चहा पाजून एकेक विचारत गेले आणि पतपेढीच्या सवयीने वहीत वेळेसकट लिहून घेतलं. ती वही पुढे फार कामाला आली, म्हणून त्यातलंच इथे देते.

सकाळी मेसेज आला: तुमच्या सिमची केवायसी अपुरी आहे, सिम चोवीस तासांत बंद होईल, या नंबरावर संपर्क करा. मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरावरून आला होता. कंपनीच्या मेसेजवर नंबर नसतो, अक्षरं असतात, आणि 2025 पासून त्या अक्षरांच्या शेवटी आडवी रेघ देऊन आणखी एक अक्षर येतं: सेवेच्या मेसेजला S, व्यवहाराच्या मेसेजला T, सरकारी मेसेजला G, जाहिरातीला P. हे मला भाच्याने नंतर शिकवलं. गुरुजींना ते कोणी शिकवणार?

अकरा दहाला फोन आला. बोलणारा नम्र, गुरुजींना नावाने हाक मारणारा. नाव, नंबर आणि कंपनी माहीत असणं म्हणजे मोठा पुरावा, असं आपल्याला वाटतं. पण किती दुकानांच्या, लकी ड्रॉच्या वह्यांत आपण नाव-नंबर लिहून आलोय याचा हिशेब कोणाकडे आहे? त्याने सांगितलं, सिम आज चारला बंद होतंय, पण केंद्रावर यायची गरज नाही, ज्येष्ठ नागरिकांसाठी घरूनच सोय आहे. मग प्ले स्टोअरवरून एक ॲप उतरवायला लावलं. ते ॲप खोटं नव्हतं. कंपन्यांचे तंत्रज्ञ लांब बसून दुसऱ्याचा संगणक किंवा फोन दुरुस्त करायला वापरतात, ते हे ॲप. उघडलं की त्यावर नऊ-दहा आकडी क्रमांक येतो. तो क्रमांक गुरुजींनी "केवायसी नंबर" म्हणून वाचून दाखवला. फोनने विचारलं, स्क्रीन दाखवायला सुरुवात करू का? साहेबांनी सांगितलं, "हाँ दबाइए." तिथून पुढे गुरुजींना जे दिसत होतं ते सगळं त्या माणसालाही दिसत होतं.

फोनच्या वरच्या पट्टीत तसं एक छोटं चिन्हही आलं होतं, पण त्याचा अर्थ कोणाला माहीत? मलाही नव्हता. रिझर्व्ह बँकेने अशा ॲपबद्दल बँकांना 2019 च्या फेब्रुवारीतच सावध केलं होतं. ते बँकांपर्यंत पोहोचलं. गुरुजींपर्यंत पोहोचायला मध्ये बराच रस्ता होता.

यानंतर दहा रुपयांची पाळी. "व्हेरिफिकेशनसाठी" दहाचं रिचार्ज करायचं, म्हणून एक लिंक पाठवली. कंपनीच्या रंगातलं पान उघडलं. त्यात गुरुजींनी डेबिट कार्डावरचा सोळा आकडी नंबर भरला, मुदत भरली, मागचे तीन आकडे भरले. तो माणूस हे सगळं आपल्या पडद्यावर वाचत होता आणि तेच आकडे दुसरीकडे, खऱ्या व्यवहारात, टाकत होता. अकरा बत्तीसला ओटीपी आला. त्या मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली होती: चोवीस हजार पाचशे. गुरुजींनी मेसेज वाचलाच नाही. फोनच्या वरच्या बाजूला सहा आकडे झळकले, ते पाहून पानात भरले. पान म्हणालं, व्यवहार अयशस्वी, पुन्हा प्रयत्न करा. अकरा एक्केचाळीसला दुसरा ओटीपी, रक्कम एकोणीस हजार आठशे. पुन्हा अयशस्वी. पैसे गेल्याचे मेसेजही आले होते, पण साहेबांनी बजावलं होतं, "मेसेज मत खोलिए, प्रोसेस रुक जाएगा."

दोनदा अयशस्वी झालं म्हणून गुरुजींनी स्वतःच्या बुद्धीने विचार केला, की माझ्या कार्डात काही बिघाड असेल, स्टँडवर जाऊन दुकानातून दहाचं मारून घेऊ. त्या विचाराने ते आमच्या पायरीवर आले. घरीच बसले असते तर तिसरा ओटीपी, चौथा ओटीपी, खातं रिकामं होईपर्यंत पान 'अयशस्वी'च म्हणत राहिलं असतं.

भाच्याच्या सांगण्यावरून मी आधी मेसेजचे, लिंकचे आणि आलेल्या कॉलच्या यादीचे फोटो माझ्या फोनने काढून घेतले आणि मगच ते ॲप गुरुजींच्या फोनमधून काढून टाकलं. उलट केलं असतं तर पुरावाही ॲपबरोबर गेला असता. मग माझ्याच फोनवरून 1930 लावला. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय नंबर. कुठल्याही फोनवरून लागतो, फसवला गेलेलाच फोन हवा असं नाही. लगेच लागला नाही. तोवर गुरुजींच्या कार्डामागे छापलेल्या बँकेच्या नंबरावर दुसऱ्या फोनवरून त्यांनाच बोलायला लावून कार्ड बंद करून घेतलं. हा नंबर इंटरनेटवर शोधायचा नाही, हेही मला त्या दिवशीच कळलं. तिथे 'कस्टमर केअर' म्हणून खोटे नंबर पेरून ठेवलेले असतात.

1930 वरच्या बाईंनी जे विचारलं ते ऐकून मला माझी वही जवळ असल्याचं समाधान वाटलं: बँकेचं नाव, खाते क्रमांक, कितीला किती गेले, पैसे गेल्याच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक, फोन कोणत्या नंबरावरून आला. "खूप पैसे गेले हो" एवढ्याने त्यांचं काम होत नाही. व्यवहार क्रमांकाच्या मागावर त्या पैसा ज्या बँकेत किंवा वॉलेटमध्ये गेला तिथे कळवतात, आणि पैसा अजून तिथेच पडून असेल तर तो गोठवला जातो. पुढे निघून गेला असेल तर पुढच्या बँकेला कळवायचं. त्यामुळे मिनिटांना किंमत. तक्रारीचा क्रमांक मेसेजने आला, आणि उरलेला तपशील cybercrime.gov.in वर भाच्याने दुपारी भरला.

बँकेत मी गुरुजींबरोबर गेले. तिथल्या अधिकाऱ्याने नियम सरळ सांगितला, आणि तो कटू असला तरी खरा होता. रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या जुलैच्या परिपत्रकातला तो नियम होता. चूक बँकेची किंवा यंत्रणेतली असेल आणि ग्राहकाने वेळेत कळवलं तर भुर्दंड ग्राहकावर नाही. पण कार्डाचा तपशील आणि ओटीपी ग्राहकाच्याच हातून गेला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, आणि कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून तक्रारीवर वेळ लिहून घ्यायची, पोच घ्यायची. आम्ही दोन्ही घेतलं.

गुरुजींना मी त्यानंतर एक गोष्ट विचारली, कारण ती मला खरोखर कळत नव्हती. हा माणूस वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा. सिम आज चारला बंद होईल, हे त्याला खरं कसं वाटलं?

ते म्हणाले, "ताई, मागे खरंच तसं होतं की. आधार जोडा नाहीतर नंबर बंद, असे मेसेज यायचे. मी रांगेत उभा राहून अंगठा दिला होता."

ते बरोबर होते. 2017 च्या मार्चमध्ये दूरसंचार विभागाने सगळ्या मोबाइल ग्राहकांची आधारने फेरपडताळणी करण्याचा आदेश काढला होता, मुदत होती 6 फेब्रुवारी 2018. कंपन्यांनी त्या काळात मेसेज आणि फोन करून लोकांना हैराण केलं होतं. पुढे मुदत वाढली, आणि 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मोबाइलला आधार सक्तीने जोडणं रद्दच केलं. ते रद्द झालं हे किती जणांच्या लक्षात आहे? धमकी मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिली. शिवाय तो नोव्हेंबर होता. गुरुजी नुकतेच बँकेत हयातीचा दाखला देऊन आले होते. जिवंत आहोत हे दरवर्षी सिद्ध करावं लागणाऱ्या माणसाला सिम आपलंच आहे हे सिद्ध करा म्हटलं, तर त्यात त्याला नवल काय वाटणार? आणि त्या सिमवर पेन्शनचा मेसेज येतो, गॅसचा नंबर त्यावरच, पुण्याच्या मुलाचा फोन त्यावरच. अशा लोकांना कोणी भोळट म्हटलं की मला राग येतो. आपल्याच कचेऱ्यांनी त्यांना 'आजच्या आज' ऐकायची सवय लावलीय.

खरं सिम बंद कसं होतं, हे मी मग मुद्दाम शोधून काढलं. रिचार्ज केलं नाही आणि नंबर वापरलाच नाही, तर तो बंद करायच्या आधी किमान नव्वद दिवस जावे लागतात. प्रीपेडच्या खात्यात वीस रुपये असतील तर ते कापून नंबर आणखी राखता येतो. एकाच्या नावावर नऊपेक्षा जास्त सिम निघाली, तर फेरपडताळणीसाठी 2021 च्या डिसेंबरात सरकारने आदेश काढला. त्यातही पडताळणी न करणाऱ्याचे बाहेर जाणारे कॉल तीस दिवसांत, येणारे पंचेचाळीस दिवसांत आणि नंबर साठ दिवसांत बंद करायचा, असा टप्प्याटप्प्याने क्रम होता. सरकारी घाईसुद्धा साठ दिवसांची असते. चार वाजताची मुदत कुठल्याच कायद्यात नाही.

याच्या दुसऱ्या जातीचा फोन मला स्वतःलाच आला. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज: मी ट्रायमधून बोलतेय, तुमचा नंबर दोन तासांत बंद होईल, अधिक माहितीसाठी नऊ दाबा. ट्राय म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण. त्याच्याकडे माझ्या सिमची फाइल नसते आणि नंबर तोडण्याबद्दल आपण ग्राहकांना फोन किंवा मेसेज करत नाही, असं ट्रायने स्वतः जाहीर केलेलं आहे. गुरुजींचं पाहिलं होतं, म्हणून मी नऊ दाबलं नाही. दाबणाऱ्यांचं काय होतं ते दुकानात ऐकलं. तिथे सिमवरून गोष्ट सरळ पोलिसांवर जाते: तुमच्या आधारवर दुसऱ्या शहरात एक नंबर घेतलाय, त्यावरून घाणेरडे मेसेज गेलेत, आता 'क्राइम ब्रँच'शी बोला. त्याचा शेवट व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेत होतो.

"माझ्या आधारवर दुसरा नंबर तर नसेल?" ही शंका मात्र हे लोक पेरून जातात आणि ती मनातून जात नाही. गुरुजींचीही गेली नव्हती. त्यावर उपाय आहे. भाच्याने sancharsaathi.gov.in ही सरकारी साइट उघडली. आपला नंबर टाकायचा, चित्रातली अक्षरं भरायची, आलेला ओटीपी तिथेच टाकायचा, की आपल्या नावावरच्या सगळ्या नंबरांची यादी येते. मधले आकडे झाकलेले, पण आपल्याला ओळखू येतात. गुरुजींच्या नावावर एकापेक्षा जास्त नंबर निघाल्यावर त्यांचा चेहरा पडला. मग शेवटचे आकडे पाहून एकेक ओळखला: एक काकूंचा, एक मुलगा कॉलेजात असताना घेऊन दिलेला, एक शेतातल्या मोटारीच्या स्टार्टरमधला. प्रत्येक नंबरापुढे "माझा नाही", "आता नको" आणि "हवा आहे" असे पर्याय असतात. मुलाच्या जुन्या नंबरापुढे गुरुजींनी "आता नको" दाबलं. त्या यादीने त्यांची भीती घालवली; माझ्या बोलण्याने ती तसूभरही गेली नव्हती. याच साइटवर 'चक्षू' नावाचा भाग आहे. पैसे गेले नसले तरी आलेला संशयास्पद फोन किंवा मेसेज तिथे कळवता येतो. मला आलेला ट्रायवाला फोन मी तिथे कळवला.

आणखी एक जागा भाच्याने तपासली, ती सांगते, कारण ॲप न उतरवताही हे लोक तिथून शिरतात. ते तुम्हाला *21* पासून सुरू होणारा आणि पुढे एक दहा आकडी नंबर असलेला कोड डायल करायला सांगतात. तो डायल झाला की तुमचे येणारे कॉल त्या नंबरावर वळतात, आणि फोनवरून बोलून सांगितला जाणारा ओटीपी तुमच्याऐवजी त्यांना ऐकू येतो. *#21# डायल केलं की कॉल कुठे वळवलेत का ते दिसतं, ##002# ने सगळं वळवणं रद्द होतं. गुरुजींचं काही वळवलेलं नव्हतं.

पैशांचं सांगायचं तर दुसरी रक्कम, एकोणीस हजार आठशे, एका वॉलेटमध्ये गेली होती आणि ती तिथेच अडकली. बऱ्याच कागदपत्रांनंतर ती गुरुजींच्या खात्यात परत आली. पहिले चोवीस हजार पाचशे आम्ही फोन लावायच्या आधीच पुढे गेले होते. त्यांचा माग लागला, पैसे हाती लागले नाहीत. मध्ये गुरुजींना पुन्हा एक फोन आला: "मी सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे मिळालेत, सोडवायला अडीच हजार फी भरा." या वेळी त्यांनी फोन ठेवला आणि दुकानात येऊन मला तो नंबर वहीत लिहायला लावला.

आता दुकानात कोणी "सिम बंद होणार म्हणे" म्हणत आलं, की मी एकच विचारते: फोन चालू आहे की ठेवलाय? ठेवला असेल तर सावकाश बोलता येतं. चालू असेल तर समजावणं व्यर्थ आहे, कारण त्या वेळी माणूस आपलं ऐकत नाही, फोनवरच्याचं ऐकतो. तुमच्या घरात, बसमध्ये, बँकेच्या बाकावर कोणी असा स्पीकर चालू ठेवून घाबरलेल्या तोंडाने बटणं दाबताना दिसलं, तर आधी फोन हातात घ्या आणि विमानाचं चिन्ह दाबा. मग 1930 लावा. रागावले तर रागावू द्या. गुरुजी माझ्यावर त्या दिवशी चहा संपेपर्यंत रागावलेले होते.